'मर्यादा' की 'त्रुटी'?

होटगीरोडकर: भाचीचा बीएस्सीचा प्रकल्प आहे, जुळे सोलापुरातल्या तीन बोअरच्या पाण्याचा जडपणा. अहवालात तिनं 'प्रयोगाच्या मर्यादा' असं शीर्षक दिलं होतं. सरांनी ते खोडून 'त्रुटी' केलं. बरोबर काय?

शब्दवेल्हाळ: 'मर्यादा' म्हणजे अदब. आमच्या आजी म्हणायच्या, थोरांची मर्यादा ठेव. प्रयोगाला कसली अदब? 'उणिवा' लिहा. आणि जड पाणी नव्हे, 'दुष्फेन'!

बाळीवेस: मर्यादा म्हणजे सीमाही की. सूतगिरणीच्या पाटीवर 'मर्यादित' असतंय ते काय अदबीनं? सभासदाची देणेदारी भागभांडवलापुरती, एवढाच अर्थ.

प्रयोगशाळा_३०: शब्दाआधी आत काय लिहिलंय ते सांगा.

होटगीरोडकर: "ब्युरेट अचूक नव्हतं, एकदा थेंब सांडला, पुढे आधुनिक उपकरणं वापरावीत."

प्रयोगशाळा_३०: थेंब सांडला ही चूक. ते टायट्रेशन पुन्हा करायचं, परिच्छेदात लिहायचं नाही. ब्युरेटचं गणित करून बघा. ५० मिली पाण्याला ०.०१ मोलर ईडीटीए २४ मिली लागलं, तर जडपणा लिटरला ४८० मिलिग्रॅम. लाल रंग जाऊन निळा यायच्या वेळी एक थेंब, म्हणजे ०.०५ मिली, जास्त पडला, तर आकडा फक्त १ मिलिग्रॅमनं वाढतो. त्यावर ओळी खर्च करू नयेत. नमुने कधी घेतले?

होटगीरोडकर: मे महिन्यात, एकाच दिवशी.

प्रयोगशाळा_३०: खरी मर्यादा ही. पावसाचं पाणी मुरल्यावर त्याच बोअरचा आकडा बदलू शकतो, म्हणून निष्कर्ष त्या दिवसापुरता. हे स्पष्ट लिहावं. दुसरं, बफर टाकून फ्लास्क बराच वेळ ठेवला असेल तर चुना खाली बसतो आणि आकडा कमी येतो. आकडा कोणत्या बाजूला सरकतो हे सांगितल्याशिवाय मर्यादा सांगून होत नाही. सुधारणाही त्यातूनच निघते: हेच तीन बोअर, जून ते दिवाळी दर महिन्याला एक नमुना, बफर टाकल्यापासून पाच मिनिटांत टायट्रेशन, शेजारी निळा झालेला फ्लास्क तुलनेला. कॉलेजात एवढं सहज होतं.

बाळीवेस: म्हणजे सांडलेला थेंब ही त्रुटी, मे महिना ही मर्यादा. सरांनी मजकूर बघून खोडलं असेल तर त्यांचं बरोबर आहे की.

शब्दवेल्हाळ: मग 'व्याप्ती' म्हणा. निष्कर्ष कुठवर लागू, हेच सांगायचंय ना?

प्रयोगशाळा_३०: व्याप्ती आधीच ठरवतात. चुना खाली बसला, हे व्याप्तीत कसं घालणार?

शब्दवेल्हाळ: तिथे 'उणीव' चालेल. एकाच शब्दाचा हट्ट कशाला?

विजापूरवेस: आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, गिझरची कॉइल वर्षात पांढरी होते. पाणी तपासायला द्यायचंय. बाटली किती दिवस ठेवली तर चालते?

बाळीवेस: त्याला वेगळा धागा काढा. शब्दवेल्हाळ, 'दुष्फेन' कुठल्या किराणा दुकानात ऐकलात ते सांगा आधी.