‘मोहरमच्या शुभेच्छा’ म्हणावं का?

मृणाल: आम्ही इंदूरला राहतो. तिसऱ्या मजल्यावर दाऊदी बोहरा, म्हणजे शियांमधल्या एका पंथाचं कुटुंब आहे, पाचव्यावर सुन्नी. मागच्या वर्षी मी दोन्ही घरी ‘मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा’ असा निरोप पाठवला. बोहरा काकूंनी नुसतं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, पाचव्या मजल्यावरून काहीच आलं नाही. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. यासाठी मराठीत काय लिहावं?

वसंतकाका: शुभेच्छा मुळीच नकोत. महंमद पैगंबरांचे नातू हुसेन इराकमधल्या करबलाला मारले गेले, त्याचा हा शोक. ताबूत आणि ताजिया हे एकाच वस्तूचे, हुसेनांच्या कबरीच्या प्रतिकृतीचे, दोन शब्द. आणि हा शियांचा विषय, सुन्नींचा त्याच्याशी संबंध नाही.

शबनम: काका, शोकाचं अगदी बरोबर, पण बाकीचं अर्धंच. मी मूळची सोलापूरची, सुन्नी घरातली, लग्नानंतर इंदूरला आले. आमच्याकडे नवव्या-दहाव्याला, कुणाकडे दहाव्या-अकराव्याला रोजा असतो. तो मूसा पैगंबरांच्या सुटकेच्या आठवणीचा. शिवाय इथले बरेच ताजिये सुन्नी मोहल्लेच बसवतात. होळकरांच्या काळापासूनचा सरकारी ताजिया पाहायला राजवाड्यापाशी किती गर्दी होते, ते तुम्हीही पाहिलं असेल. मात्र काही सुन्नी घरांना ताजिये अजिबात पटत नाहीत. तेव्हा सगळ्यांना एकच वाक्य लिहून भागत नाही.

अनंत: शब्दांपुरतं सांगतो. ताबूत म्हणजे अरबीत पेटी, शवपेटी. ताजिया आला तो सांत्वन या अर्थाच्या शब्दापासून. हिंदी-उर्दूत कुणी गेलं की ‘ताज़ियत’ करायला जातात, तेच कूळ. वस्तू एकच असेल, पण एक शब्द पेटीचा, दुसरा समाचाराचा. ‘मोहरम’ हे तर महिन्याचं नाव आहे, सणाचं नाही. हराम, हरम यांच्याच धातूतून आलेलं, अर्थ ‘निषिद्ध, पवित्र’, कारण या महिन्यात लढाई वर्ज्य होती. नेमक्या त्याच महिन्यात, हिजरी ६१ साली, म्हणजे इ.स. ६८० मध्ये, पाणी तोडून करबलाला कत्तल झाली. रस्त्यावर लावतात त्या सरबताच्या सबीली त्या तहानेच्या आठवणीच्या.

प्रमोद: पण सुट्टी कधी? २०२४ मध्ये बोहरी दुकानदार म्हणाला मंगळवारी बंद, आणि कॅलेंडरात सुट्टी बुधवारी. मी दोन्ही दिवस फेरी मारून आलो.

शबनम: प्रमोददादा, दोन्ही खरं होतं. बोहऱ्यांची दिनदर्शिका गणिताने ठरते, आम्ही चंद्र पाहतो. त्यामुळे त्यांचा आशुरा, म्हणजे मोहरमचा दहावा दिवस, १६ जुलैला आला, आमचा १७ला. बहुतेक वेळा त्यांचा दिवस एखाददोन दिवस आधी येतो. बोहरी दुकान बंद असेल तर पाटीवरची तारीख वाचावी, कॅलेंडर नाही.

मृणाल: म्हणजे माझा निरोप त्यांच्या कोणत्या दिवशी पोहोचला, हेही पाहायला हवं होतं?

शबनम: हो, खरी मेख तिथेच आहे. बोहऱ्यांकडे १ मोहरमच्या आदल्या रात्री मोठा थाळ मांडतात, घरचे सगळे भोवती बसतात, मिठाची चव घेऊन जेवण सुरू होतं. तेव्हा नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या तर काकूंना आनंदच होईल. २ मोहरमपासून दहाव्यापर्यंत वाअज, म्हणजे प्रवचनं, आणि ते दिवस शोकाचे. त्याच शुभेच्छा तिसऱ्या दिवशी पोहोचल्या तर टोचतात. तुझा निरोप कितव्याला गेला होता?

मृणाल: आशुराच्या सकाळी.

वसंतकाका: २०१८ आठवतं. बोहऱ्यांचे धर्मगुरू सैयदना साहेब इंदूरला होते, बाहेरगावचे बोहरी लोक शहरभर. त्याच वाअजच्या दिवसांत, १३ सप्टेंबरला, आपली गणेश चतुर्थी. आमच्या गल्लीतल्या मंडळाने वाअजच्या वेळी ढोल थांबवला. शेजारच्या बोहरा गृहस्थांनी नंतर येऊन प्रसाद घेतला. लिहून कळवावं लागलं नाही कुणाला.

प्रमोद: आमच्या गावी मात्र हिंदूंच्या घरचे पंजे, म्हणजे हाताच्या आकाराची निशाणं, असतात, नवस फेडतात, पेढे वाटतात. तिथे ‘मोहरमचा सण’च म्हणतात. ते चूक?

अनंत: गावाचा शब्द गावाला. मी ‘सण’ला चूक म्हणणार नाही, पण शिया शेजाऱ्याला तो लिहून पाठवणारही नाही. त्यांच्याकडे आशुरानंतरही चाळिसाव्या दिवसाच्या चेहल्लुमपर्यंत, काही घरांत त्याहूनही पुढे, लग्नकार्य करत नाहीत.

शबनम: मला ‘सण’ खटकतो, माझ्या सासूबाईंना नाही.

मृणाल: मग असं लिहू? ‘आशुराच्या दिवशी तुमच्या दुःखात आम्ही सोबत आहोत.’ आणि ताजिया विसर्जन कितीला, हेही विचारायचं आहे. मुलांना घेऊन जायचंय.

शबनम: बोहरा काकूंना हे चालेल. पाचव्या मजल्यावर आधी विचार, ‘रोजा आहे का?’ असेल तर इफ्तारला खजूर पाठव. आणि ‘विसर्जन’ नको, इथे ‘ताजिये ठंडे करना’ म्हणतात.

अनंत: मराठीतही ‘ताबूत थंडे करणे’च आहे की!