मदत हवी आहे: उतारावरून सोडलेल्या गोळ्याचा वेग ३.७० येतो, पुस्तकात मात्र ३.१३

जुना_पाढा
मुलगी अकरावीत आहे आणि उद्या सकाळी तिची चाचणी आहे, म्हणून घाईने विचारतो. एक गोळा ०.७० मीटर उंचीवरून उतारावर सोडला आहे. तळाशी त्याचा वेग किती, एवढाच प्रश्न आहे. मी mgh = ½mv² मांडले, m दोन्हीकडून गेला, g ९.८ धरला आणि उत्तर ३.७० मीटर प्रति सेकंद आले. पुस्तकाच्या शेवटी ३.१३ दिले आहे. आकडेमोड तीनदा तपासली आहे. छापताना चूक झाली आहे का, एवढे कोणी सांगितले तरी पुरे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मी शिकलो तेव्हापासून बदललेला नसावा.

सायकलवेडी
दादा, गोळा भरीव आहे की पोकळ? आणि तो घसरत येतो की घरंगळत? आपल्या शब्दांत नको, प्रश्न जसा छापला आहे तसाच द्यावा.

सडेतोड
यात विचारण्यासारखे काही नाही. उतार खडबडीत असणार, म्हणजे घर्षण आले आणि घर्षणात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गेली. ३.७० आणि ३.१३ यांतला फरक तोच. घर्षणांक किती दिला आहे ते सांगा, घर्षणाचे कार्य mgh मधून वजा करून दाखवतो.

जुना_पाढा
भरीव आहे. प्रश्नात ‘न घसरता घरंगळतो’ असे शब्द आहेत, पण उंची तीच असताना त्याने काय बिघडते? घर्षणांक दिलेला नाही. त्रिज्याही नाही, वस्तुमानही नाही.

फळा_आणि_खडू
आपण जे शब्द गाळले त्यांतच सारा प्रश्न आहे. डावीकडचे mgh बरोबर आहे, उजवी बाजू मात्र अपुरी राहिली. ½mv² ही गोळ्याच्या मध्याच्या पुढे सरकण्याची ऊर्जा झाली. घरंगळणारा गोळा त्याच वेळी स्वतःभोवती फिरतही असतो, आणि त्या फिरण्याचा वाटाही त्याच mgh मधून जातो. तो वाटा म्हणजे ½Iω². भरीव गोळ्यासाठी I = ⅖mR², आणि न घसरण्याची अट v = ωR. ही अट घातली की R नाहीसा होतो आणि फिरण्याची ऊर्जा ⅕mv² उरते. त्रिज्या दिलेली नाही ती यामुळेच. आता मांडणी अशी होते:

mgh = ½mv² + ⅕mv² = (7/10)mv²

त्यावरून v² = (10/7)gh. उंची ०.७० असल्याने v² बरोबर ९.८ येतो आणि त्याचे वर्गमूळ ३.१३. प्रश्न रचणाऱ्याने ०.७० मुद्दाम निवडले असावे. गोळा आतून पोकळ, पातळ कवचाचा असता तर उत्तर २.८७ आले असते, म्हणून वर ताईंनी तो प्रश्न आधी विचारला.

एक खूण सांगून ठेवतो. ३.१३ ला ३.७० ने भागून वर्ग केला की ०.७१ च्या आसपास येते, म्हणजे ५/७. भरीव गोळ्याच्या गणितात आपले आणि छापील उत्तर या प्रमाणात चुकत असेल, तर छापखान्याला दोष देण्यापूर्वी फिरण्याची ऊर्जा राहिली का ते पाहावे.

सडेतोड
सर, मग घर्षण काहीच करत नाही असे म्हणायचे आहे का? ते उताराच्या वरच्या दिशेने लागते आणि गोळ्याला मागे ओढते, हे आपणही नाकारणार नाही. घर्षणाशिवाय गोळा ३.७० ने आला असता. म्हणजे वेग घर्षणानेच कमी केला.

फळा_आणि_खडू
वेग घर्षणामुळे कमी झाला हे मान्य, ऊर्जा उष्णतेत गेली हे मान्य नाही. गोळ्यावर खडूने ठिपका काढून त्याला टेबलावर हळू ढकलून पाहावे. ठिपका खाली येऊन पृष्ठभागाला टेकतो, त्या क्षणी तो थांबलेला असतो. घासला जात नाही, तसाच वर उचलला जातो. जो बिंदू सरकतच नाही तिथे घर्षण उष्णता निर्माण करणार कशी? हे स्थैतिक घर्षण आहे आणि या गोळ्यासाठी त्याचे मान (2/7)mg sinθ येते. ते पुढे जाण्याच्या ऊर्जेतून mgh चा २/७ भाग काढते आणि तोच भाग, जसाच्या तसा, फिरण्यात घालते. एकूण बेरीज बदलत नाही. आपण घर्षणाचे कार्य वजा करून ३.१३ आणाल, पण ती वजा केलेली ऊर्जा गोळ्यातच आहे हे विसराल.

लॅबवाला
सर, माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या प्रयोगशाळेत पोलादी गोळी ॲल्युमिनियमच्या काटकोनी खाचेतून ७० सेंटीमीटर उंचीवरून सोडतो आणि तळाशी प्रकाशद्वाराने वेग मोजतो. ३.१३ कधीच येत नाही, २.७५ च्या वर जात नाही. माझ्या मते हवेचा रोध धरल्याशिवाय हे गणित पुरे होत नाही.

सायकलवेडी
एवढ्याशा गोळीला हवा इतकी अडवणार नाही. खाचेत गोळी तळाला टेकत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकते, आणि ते टेकण्याचे बिंदू फिरण्याच्या अक्षापासून R पेक्षा जवळ असतात. काटकोनी खाचेत ते अंतर ०.७१R भरते. म्हणजे तेवढाच वेग गाठायला गोळीला १.४१ पट जोरात फिरावे लागते आणि फिरण्याची ऊर्जा दुप्पट, ⅖mv² होते. एकूण ०.९mv², वेग २.७६. तुमचे यंत्र ठीक आहे, लॅबवाले दादा; v = ωR तिथे लागू नाही, एवढेच. मी चाके जोडते, त्यामुळे हे डोक्यात बसले आहे: चाकाच्या कडेवरचे वजन पुढेही न्यावे लागते आणि फिरवावेही लागते.

लॅबवाला
हे तपासून पाहीन. सपाट फळीवर गोळी सरळ येत नाही, म्हणूनच तर खाच घेतली होती.

जुना_पाढा
माझे म्हणणे मागे घेतो, छापील उत्तर बरोबर आहे. पण आता दुसरा भाग अडला. तळाशी आलेला गोळा समोरच्या उतारावर किती उंच चढेल? आता फिरण्याची ऊर्जा धरली तर सगळी ऊर्जा परत मिळायला हवी, म्हणजे ०.७० मीटर. पुस्तकात ०.५० आहे. या वेळी तरी छपाईची चूक?

सायकलवेडी
समोरचा उतार कसा आहे, हे पुन्हा गाळले का?

जुना_पाढा
‘समोरचा उतार गुळगुळीत आहे’ असे आहे खरे. मला तो तपशील बिनमहत्त्वाचा वाटला.

फळा_आणि_खडू
गुळगुळीत म्हणजे घर्षण नाही, आणि घर्षण नाही तर गोळ्याचे फिरणे थांबवणारे काहीच नाही. गोळा चढताना त्याच गतीने गरगर फिरत राहतो आणि सर्वांत वरच्या जागी मध्य थांबला तरी फिरणे चालूच असते. उंचीत फक्त ½mv² चे रूपांतर होते: v²/2g, म्हणजे ९.८ भागिले १९.६, बरोबर ०.५०. उरलेला २/७ वाटा फिरण्यात अडकून राहिला. समोरचा उतार खडबडीत असता तर आपले ०.७० बरोबर ठरले असते.

सडेतोड
मग पुढचे सांगा. तो वरून परत खाली येईल तेव्हा वेगाची दिशा उलटी, पण फिरण्याची तीच. खडबडीत भागाला लागताच तो घासणारच. तिथे तरी उष्णता मान्य आहे ना?

फळा_आणि_खडू
तिथे पूर्ण मान्य आहे. तळाशी पुरेसा लांब, सपाट आणि खडबडीत पट्टा असेल तर घासून घासून तो शेवटी ३.१३ च्या ३/७ वेगाने, म्हणजे १.३४ ने घरंगळू लागेल. पण असा पट्टा या प्रश्नात दिलेला नाही. गोळा घासतच थेट पहिल्या उतारावर चढू लागला तर घर्षणांकाशिवाय मला उत्तर सांगता येणार नाही.

सडेतोड
म्हणजे घर्षणांक लागलाच.

जुना_पाढा
तो भाग प्रश्नात नाही. मुलीला ०.५० समजावून सांगितले, तर तिचे म्हणणे असे की गुळगुळीत हा शब्द तिने पहिल्यांदाच अधोरेखित केला होता.