बसला दुचाकी घासली, रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

> "स्वारगेटजवळ स्टॉपवरून गाडी काढताना डावीकडून दुचाकी घासली. मुलाला खरचटलं. कंपनीला रिपोर्टमध्ये 'चूक दुचाकीवाल्याची' एवढं लिहिलं तर चालेल का?"

दादा, तेवढ्यावर थांबू नका. चूक कोणाची हे चौकशीत ठरेल, तुम्ही जे घडलं ते लिहा. गाडी उभी होती की सुटली होती, स्टेअरिंग उजवीकडे किती वळवलं होतं, डाव्या आरशात शेवटचं कधी पाहिलं आणि काय दिसलं, हे आधी.

स्टेअरिंगचं एवढ्यासाठी विचारतो की गाडी उजवीकडे काढली की मागच्या चाकामागचा भाग डावीकडे फेकला जातो. ओरखडा त्या कोपऱ्यावर असेल तर चौकशी करणारा पहिला प्रश्न हाच विचारेल. मधल्या पत्र्यावर असेल तर त्याची दिशा बघा. मागून पुढे गेला असेल, तर दुचाकी बसपेक्षा वेगात पुढे येत होती. पुढून मागे असेल, तर बस तिच्या पुढे जात होती. जमिनीपासून ओरखड्याची उंची मोजा, ती हँडलच्या उंचीशी जुळते का पाहा आणि गाडी धुण्याआधी फोटो काढा.

मुलाला खरचटलंय, म्हणजे त्याला कोणते उपचार मिळाले तेही लिहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमीला मदत करणं आणि पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणं चालकावर बंधनकारक आहे. जागेवर आपसात मिटलं असलं तरी कळवाच. पुढे त्या घरून दावा आला, तर आज लिहिलेलाच कागद तुमच्या बाजूने बोलेल. कंडक्टरचा जबाब वेगळा, त्याच्या स्वतःच्या शब्दांत घ्या.