मदत हवी आहे : निवड समितीतील एक सदस्य अखेरपर्यंत काहीच बोलत नसेल, तर उमेदवाराने काय करावे?

भीमाकाठ
येत्या मंगळवारी माझी मुलाखत आहे, त्यामुळे लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल. मागच्या मुलाखतीत समोर बरीच मंडळी बसली होती. प्रश्न तिघे-चौघेच विचारत होते, पण टेबलाच्या टोकाला बसलेले एक गृहस्थ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्दही बोलले नाहीत. माझे उत्तर चालू असताना ते मान खाली घालून काहीतरी लिहीत होते आणि माझे लक्ष सारखे तिकडेच जात होते. माझी निवड झाली नाही. अशा सदस्याकडे पाहून बोलावे की नाही, आणि त्यांना बोलते करण्याचा प्रयत्न करावा का, एवढेच मला हवे आहे.

होटगीरोड
मी एका खासगी कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे आणि उमेदवार निवडण्याचे कामच करतो. समोर जितके जण असतील, त्या सर्वांकडे सारखाच वेळ पाहून बोलावे. शेवटी न बोललेल्या व्यक्तीकडे वळून, "आपल्याला माझ्याकडून आणखी काही जाणून घ्यायचे आहे का?" असे नम्रपणे विचारावे. त्यातून उमेदवाराचा आत्मविश्वास दिसतो.

साखरपेठ
माझ्या भाचीच्या बँकेच्या मुलाखतीतही असेच झाले होते. एका अधिकाऱ्यांचा कॅमेरा बंद होता आणि ते काही बोललेच नाहीत. मुलाखतीच्या आधी नेट आणि हेडफोन नीट तपासून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

जुनीमिल
साखरपेठ ताई, इथे समोरासमोरची मुलाखत दिसते. भीमाकाठ, पद कोणते, संस्था कोणत्या प्रकारची आणि आपला प्रवर्ग कोणता, हे कळल्याशिवाय त्या गृहस्थांविषयी काहीही सांगणे म्हणजे अंधारात बाण मारणे होईल. समितीची ओळख करून दिली होती का? त्यांच्यासमोर गुणांचा तक्ता होता की आपल्या मूळ कागदपत्रांची फाइल होती?

भीमाकाठ
पद सहायक प्राध्यापकाचे, विषय भूगोल, अनुदानित महाविद्यालय. मी इतर मागास वर्गात येतो. सेट उत्तीर्ण आहे आणि सध्या सोलापुरातच तासिका तत्त्वावर शिकवतो. ओळख करून दिली नव्हती. त्यांच्यासमोर बाकीच्यांसारखाच छापील कागद होता. फाइल कार्यालयातील कर्मचाऱ्याकडे होती. मंगळवारची मुलाखतही अशाच महाविद्यालयात आहे. आता तरी सांगा.

जुनीमिल
आता चित्र बरेच स्पष्ट झाले. मी प्राचार्यपदावरून निवृत्त झालो असून अशा समित्यांवर दोन्ही बाजूंनी बसलो आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार महाविद्यालयाच्या समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी नेमलेले सदस्य आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. उमेदवारांत मागास प्रवर्गातील, महिला किंवा दिव्यांग कोणी असेल आणि त्या प्रवर्गाचा एकही सदस्य समितीत नसेल, तर त्या प्रवर्गाचे प्रतिनिधित्व करणारे एक शिक्षणतज्ज्ञही नेमले जातात. ते बहुधा दुसऱ्या विषयाचे असतात. भूगोलाचे प्रश्न विषयतज्ज्ञांवर सोडून प्रक्रिया नीट चालली आहे का, उमेदवाराला पुरता वेळ मिळतो का, याकडे ते लक्ष ठेवतात. फाइल कर्मचाऱ्याकडे आणि छापील कागद त्यांच्यासमोर, यावरून ते गृहस्थ सदस्यच असावेत. ते प्रवर्गाचे प्रतिनिधी असतील किंवा संस्थेचे, हे इथून ठरवता येणार नाही.

होटगीरोड
प्रवर्गाचा प्रतिनिधी हा निरीक्षक असतो. त्याला मत नसते, तेव्हा त्याच्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये.

जुनीमिल
निरीक्षक नव्हे. विनियमांत त्यांचे नाव समितीच्या रचनेतच येते, त्यामुळे त्यांचे मतही इतरांइतकेच धरले जाते. आपण आधी सुचवलेला प्रश्नही इथे चालणार नाही. कोणी केव्हा बोलावे, हे अध्यक्ष ठरवतात. उमेदवाराने एका सदस्याला बोलण्याचे निमंत्रण दिले, तर तो अध्यक्षांचे काम स्वतःकडे घेतो आणि न बोलणाऱ्या सदस्यालाही सर्वांसमोर अवघडल्यासारखे होते.

होटगीरोड
कंपनीत आम्ही अशा धिटाईला गुण देतो. महाविद्यालयाची रीत वेगळी असू शकते, हे मान्य आहे.

विजापूरवेस
मी बरीच वर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. गप्प बसणारा माणूस संस्थेचा असतो आणि कोणाला घ्यायचे हे त्याच्या मनात आधीच ठरलेले असते. कुठे पाहावे, याचा अभ्यास करून काही उपयोग नाही.

जुनीमिल
तसे कुठेच होत नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र समिती भरण्यासाठी किमान पाच सदस्य लागतात आणि त्यांत दोन विषयतज्ज्ञ असावेच लागतात. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी ठाम मत दिले, तर ते बाजूला सारणे सोपे नसते.

विजापूरवेस
सोपे नसते, पण सारले जाते. माझे मत कायम आहे.

भीमाकाठ
हा वाद आपण नंतर करू. प्रत्यक्ष उत्तर देताना काय करायचे?

जुनीमिल
एक उदाहरण घेऊ. समजा, विषयतज्ज्ञांनी विचारले, "सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत असताना इथे ऊस इतका कसा वाढला?" पहिली दोन वाक्ये त्यांच्याकडेच पाहून बोला : वर्षाला सरासरी सुमारे 550 मिलिमीटर पाऊस हा उसाला पुरणारा नाही, तेव्हा कारण पावसात नाही, सिंचनात शोधावे लागते. पुढे भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी आले आणि साखर कारखान्यांमुळे उसाला हमखास गिऱ्हाईक मिळाले, हे सांगताना नजर सावकाश इतर सदस्यांवरून जाऊ द्या. त्या ओघात न बोलणाऱ्या सदस्याकडेही एका वाक्यापुरते पाहा, तेवढे पुरे. नंतर, हा विषय वर्गात शिकवताना माढा आणि सांगोला या तालुक्यांच्या नकाशांची तुलना विद्यार्थ्यांकडून कशी करून घ्याल, हे सांगा. दुसऱ्या विषयाच्या माणसालाही हे समजते, म्हणून हे वाक्य त्यांच्याकडे पाहून बोलावे. उत्तराचा शेवट मात्र प्रश्न विचारणाऱ्या तज्ज्ञांकडे पाहून करा, म्हणजे उत्तर संपल्याचे त्यांना कळते आणि पुढचा प्रश्न येतो.

सर्वांना सारखा वेळ देण्याच्या नादात उमेदवाराची मान पंख्यासारखी फिरू लागते आणि विचारणाऱ्याला वाटते की आपल्याला टाळले जात आहे. हे मी अनेकदा पाहिले आहे.

भीमाकाठ
आणि ते लिहीत राहिले तर?

जुनीमिल
लिहू द्या. मीही लिहीत असे. कधी पुढे विचारायचा मुद्दा टिपून ठेवत असे, तर कधी आधीच्या उमेदवाराचा शेरा पुरा करत असे. समोरचा थांबून माझ्या पेनाकडे पाहू लागला की मुद्दा त्याच्याच हातून निसटे. नजर मिळत नसेल, तर ती लगतच्या सदस्यावर ठेवून वाक्य पुरे करावे.

एक गोष्ट मात्र तयार ठेवा. असे सदस्य पुष्कळदा अगदी शेवटी एकच प्रश्न विचारतात आणि तो विषयाबाहेरचा असतो : गैरहजर राहणाऱ्या मुलांसाठी काय कराल, किंवा तासिका तत्त्वावर शिकवताना परीक्षेची कोणती कामे सांभाळली. तोपर्यंत उमेदवाराच्या मनात मुलाखत संपलेली असते, म्हणून तो "हो सर, केली आहेत" एवढ्यावर थांबतो. एखादे प्रत्यक्ष काम नावानिशी सांगावे.

होटगीरोड
हे कंपनीतही असेच घडते. आमच्याकडे बहुधा हिशेब विभागाचे अधिकारी शेवटी तोंड उघडतात.

साखरपेठ
माझ्या भाचीलाही त्या अधिकाऱ्यांनी शेवटी एक प्रश्न विचारला होता, हे आता आठवले. कॅमेरा मात्र बंदच होता.

भीमाकाठ
परीक्षा विभागाचे काम मी केले आहे, ते सांगता येईल. आत गेल्यावर ओळख करून दिली नाही, तर कोण कोण आहेत हे विचारावे का?

जुनीमिल
विचारू नका. अध्यक्ष बहुधा मध्यभागी बसतात, त्यांना नमस्कार करून सर्वांकडे एकदा पाहावे. शक्य असेल, तर बाहेर कागद तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला विषयतज्ज्ञ कुठून आले आहेत, एवढे विचारून पाहा. काही ठिकाणी सांगतात, काही ठिकाणी सांगत नाहीत.