मदत हवी आहे: बायोलॉजीमधला 'ओ' नेमका कुणाचा?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांना इंग्रजी शब्दांची फोड शिकवते आहे, आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

पुस्तकांत प्रत्यय सरसकट 'ऑलॉजी' असा देतात. पण ग्रीकमध्ये 'बिओस' म्हणजे जीवन, 'डेमोस' म्हणजे लोक, 'क्रातोस' म्हणजे सत्ता. म्हणजे बायो + लॉजी, डेमो + क्रसी. इथे 'ओ' पहिल्या शब्दाच्या अंगातच आहे. मग सायकॉलॉजीचं काय? मूळ शब्द 'प्स्युखे', त्याच्या शेवटी 'ओ' नाहीच, तरी मध्ये आला. अरॅक्नोफोबियातही तेच, कोळी म्हणजे 'अराख्ने'. तेव्हा हा 'ओ' पुढे निव्वळ सांधा म्हणून रूढ झाला, असं मला वाटतं. लॅटिन 'क्लाउस्ट्रुम'लाही तोच लावून क्लॉस्ट्रोफोबिया झाला.

खरी पंचाईत जीनिऑलॉजी आणि मिनरॉलॉजीची. स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे 'ओ' नाही, 'ए' आहे, म्हणून मुलं हमखास चुकतात. पहिल्यात 'गेनेआ', म्हणजे वंश, याचा 'आ' टिकला. दुसऱ्यात मिनरल + लॉजी जोडताना दोन 'ल' शेजारी आले आणि एक गळाला.

माझे प्रश्न दोन. प्रत्यय 'लॉजी, क्रसी' असाच शिकवून 'ओ' वेगळा सांधा म्हणून सांगितला तर चालेल का? आणि टेट्रालॉजीसारखे, 'ओ' नसलेले आणखी शब्द कुणाला आठवतात का? सरावाच्या तक्त्यात घालायचे आहेत. शक्यतो मूळ ग्रीक किंवा लॅटिन शब्दासकट सांगा.