मोठे किती, लहान किती: दोन रकाने पुरेत, की प्रत्येकाचं वय मागायचं?

पाटीपेन्सिल
एका सहकुटुंब संमेलनाची नोंदणी माझ्याकडे आली आहे. प्रवेशाची तिकिटं आणि जेवणाची ताटं एकाच अर्जावरून काढायची आहेत. अर्जात "मोठे किती, लहान किती" एवढंच विचारू, की घरातल्या प्रत्येकाचं वय घेऊ? आमच्या गटात दोन तट पडलेत. मत द्या, पण कारणासकट.

घाईत
दोनच रकाने. सात जणांच्या घराला प्रत्येकाचं नाव आणि वय लिहायला लावलं की "रात्री निवांत भरू" म्हणून अर्ज तसाच राहतो. शेवटच्या दिवशी फोन येतो, "आमचे पाच मोठे, दोन लहान लिहून घ्या." म्हणजे वयं मिळतच नाहीत आणि तुमचं काम दुप्पट होतं. जेवणाला लहान मूल म्हणजे अर्धं ताट धरायचं. मी चार कार्यक्रमांचा हिशेब असाच केला आहे.

वाढपी
घाईत, फोनवरच्या नोंदणीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. पण "लहान म्हणजे अर्धं ताट" यामुळे मी एकदा तोंडघशी पडलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

अर्जावर आकडे आले होते 118 मोठे आणि 61 लहान. 61 चे अर्धे साडेतीस, म्हणून 149 ताटांची तयारी सांगितली. शेवटच्या पंगतीला कमी पडलं. नंतर घरोघरी फोन करून मुलांची वयं विचारली. 3 वर्षं पूर्ण न झालेली 9, तीन ते पाचची 14, सहा ते अकराची 25, आणि बारा ते सतराची 13 निघाली. ती 13 मुलं मोठ्यांइतकं जेवतात, काही तर जास्तच. सहा ते अकराला मी आता पाऊण ताट धरतो, तीन ते पाचला अर्धं, त्याखाली काही नाही. पुन्हा बेरीज करा: 118, अधिक 13, अधिक पावणेएकोणीस, अधिक 7. एकशे पावणेसत्तावन्न होतात, म्हणजे 157 ताटं. आठ ताटांचा फरक पडला, आणि तो मुलं वाढत्या वयाची असल्यामुळे पडला. सगळी मुलं पाच वर्षांखालची असती तर याच पद्धतीने अन्न उरलं असतं. "लहान" या एका आकड्यात दोन्ही शक्यता लपलेल्या असतात.

तिकिटाची रेघ वेगळी असते, हेही बघा. आमच्याकडे 12 पूर्ण असेल तर पूर्ण तिकीट, 3 ते 11 अर्धं आणि त्याखाली मोफत असा नियम होता. म्हणजे 131 पूर्ण, 39 अर्धी, 9 मोफत. खुर्च्या 170 लागल्या, कारण ती 9 बाळं मांडीवर होती. पण सभागृहाच्या क्षमतेत तीही मोजावी लागतात, आग लागली तर दारातून 179 जीव बाहेर काढायचे असतात. मोफत आहे म्हणून बाळाची नोंदच न करणारे आयोजक मी पाहिले आहेत. ते मला अजिबात पटत नाही.

बाळाची_आई
सवलत मिळते का, असा प्रश्न असेल तर वय कोणत्या दिवशी मोजणार ते आधी ठरवा. आम्ही विमानाने गेलो तेव्हा जाताना लेकाला 2 पूर्ण व्हायची होती, म्हणून तो मांडीवर चालला. परतीच्या आधी त्याचा वाढदिवस होऊन गेला आणि परतीला त्याच्यासाठी वेगळं आसन घ्यावं लागलं. तिकीट काढलं त्या दिवसाचं वय आम्ही धरलं होतं, ती आमची चूक.

पाटीपेन्सिल
सवलतीपेक्षा मोजणीचा प्रश्न आहे, पण मुद्दा अगदी कामाचा आहे. नोंदणी दोन महिने आधी सुरू होते. तेवढ्यात कुणीतरी बाराचं होणारच.

वहीखाते
मग जन्मतारीखच घ्या, वय तक्ता काढेल. C मध्ये जन्मतारीख आणि H1 मध्ये कार्यक्रमाची तारीख असेल तर:

```
=IF(C2="","",DATEDIF(C2,$H$1,"Y"))
```

सुरुवातीचं `IF` गाळू नका. तारीख कोरी असली तर तक्ता ती शून्य समजतो आणि वय सव्वाशेच्या आसपास येतं. एका वर्षी आमची तारीख न भरलेली सगळी मुलं अशी प्रौढांत मोजली गेली. बेरीज जुळत होती, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर्वात मोठं वय किती आलंय, ते एकदा नजरेखालून घालायचं, चूक लगेच सापडते.

घाईत
याला माझा स्पष्ट विरोध आहे. जेवणाच्या ताटासाठी दीडशे-दोनशे माणसांच्या, त्यात लहान मुलांच्या, जन्मतारखा एका तक्त्यात गोळा करायच्या आणि तो तक्ता सहा स्वयंसेवकांच्या फोनवर फिरवायचा? माझ्या लेकीची तारीख मी देणार नाही.

वाढपी
हा आक्षेप मला मान्य आहे. मीही जन्मतारीख मागत नाही, नावंही नाहीत. फक्त पाच चौकटी ठेवतो: 3 पूर्ण नाहीत, 3 ते 5, 6 ते 11, 12 ते 17, आणि 18 व त्यापुढे. प्रत्येकीत एक आकडा. फोनवरही एका दमात विचारता येतं.

मात्र शब्द जपून वापरा. "मुलं किती?" असं विचारलं की माणसं आपली मुलं मोजतात. एका काकांनी 2 लिहिले होते, ती दोघं नोकरी करणारी होती. "5 वर्षांपर्यंत" लिहिलं की पाच धरायचं की सोडायचं, यावर फोन येतात. आई "सहावं लागलं" म्हणते तेव्हा मूल पाचच वर्षांचं असतं. म्हणून चौकटीवर "कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण झालेली वर्षं" असं लिहायचं आणि खाली "स्वतःला धरून एकूण किती जण" ही सहावी चौकट. पाचांची बेरीज सहावीशी जुळली नाही तर त्याच दिवशी फोन करायचा. बहुतेक वेळा अर्ज भरणारा स्वतःलाच मोजायला विसरलेला असतो.

आजोळ
आमच्याकडे वेगळंच झालं. नातीचं नाव तिच्या आईने तिच्या अर्जात घातलं आणि मी माझ्या, कारण ती त्या दिवशी माझ्यासोबत येणार होती. एक मूल, दोन तिकिटं, दोन ताटं. नावं होती म्हणून नोंदणीवाल्या मुलीच्या लक्षात आलं. नुसते आकडे असते तर कसं कळलं असतं?

वाढपी
नसतंच कळलं. माझ्या पद्धतीत ही फट आहे आणि ती मला बुजवता आलेली नाही. "हे मूल दुसऱ्या कुणाच्या अर्जात आहे का?" असं विचारून पाहिलं, आईवडील वेगळे राहत असलेल्या घरांना ते फार लागलं. पुन्हा विचारलं नाही.

वहीखाते
फक्त मुलांची पहिली नावं घ्या, तारीख नको. पहिलं नाव आणि वयाची चौकट जुळली तर तेवढ्याच घरांना फोन.

घाईत
पहिलं नाव चालेल मला. पण बारा ते सतराच्या मुलांची नावं त्यांना विचारून घ्या. आणि दोन रकान्यांचा हट्ट मी पन्नासच्या आतल्या कार्यक्रमापुरता ठेवतो. तिथे तोंडं ओळखीची असतात, मोजणी चुकली तरी सावरता येते.

पाटीपेन्सिल
आमची 200 च्या आसपास होतील, म्हणून पाच चौकटी, एकूण संख्या आणि मुलांची पहिली नावं असा अर्ज उद्या गटापुढे ठेवते. वाढपी, एकच राहिलं. ताटांचा आकडा पक्का केल्यानंतर येणाऱ्या घरांचं तुम्ही काय करता? तिकीट देता येतं, पण ताट?