मदत हवी आहे: इंग्रजी पीपीटी मराठीत केली, आता मजकूर चौकटीत मावूनच नाही राहिला

राळेगावकर_गडी
गुरुवारी कार्यक्रम आहे, 26 स्लाइड आहेत. सगळं मराठीत करून टाकलं पण मजकूर चौकटीच्या खाली सांडून राहिला, ओळी एकमेकींत घुसून राहिल्या. फॉन्ट कोणता टाकू लवकर सांगा.

शिरोरेखा
विषय काय, बघणारे कोण, प्रोजेक्टरवर की मोबाईलवर? आणि एक तरी स्लाइड जशीच्या तशी टाका.

वर्धा_टायपिंग
फाँटचाच लोचा आहे. क्रुतीदेवमधून चिकटवलं असेल तर `Hkkjr` असं काहीतरी दिसते. युनिकोड कीबोर्ड टाकून घ्या, मी पूर्ण पद्धत लिहितो.

राळेगावकर_गडी
@वर्धा_टायपिंग तसं नाही हो, अक्षरं बरोबर दिसतात, युनिकोडच आहे. विषय गुलाबी बोंडअळी, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये 60-70 कास्तकार, प्रोजेक्टर. ही घ्या एक स्लाइड.
इंग्रजी: `ETL: 8 moths/trap/night for 3 consecutive nights, or 10% damaged bolls`
माझी: "आर्थिक नुकसानीची पातळी: सलग तीन रात्री प्रति सापळा प्रति रात्र 8 पतंग किंवा 10 टक्के प्रादुर्भावग्रस्त बोंडे"
शीर्षक `NIP IT IN THE BUD`, त्याचं "कळीतच खुडा" केलं.

अकोला_पंप
फॉन्ट 14 करा, बसते सगळं. नाहीतर आपोआप लहान होण्याचं सेटिंग चालू ठेवा.

शिरोरेखा
14 मागच्या रांगेतल्या आजोबाला वाचून दाखवणार कोण? आणि ते आपोआप लहान होणं तर फारच वाईट, एका स्लाइडवर 28 आणि पुढच्यावर 17, कुठं काय महत्त्वाचं तेच कळत नाही. 24 च्या खाली जाऊ नका, शब्द कमी करा.
ओळी घुसतात त्यात मात्र फॉन्टवाल्यांचं अर्धं बरोबर आहे. कॅलिब्रीत देवनागरी नाहीच, म्हणून पॉवरपॉइंट गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या. पण नेहमीच्या ऑफिस थीममध्ये ओळींचं अंतर 90 टक्के असतं, इंग्रजीला ते चालतं. आपल्याला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार, म्हणून वरच्या ओळीचा ऊकार खालच्या वेलांटीवर बसतो. `View > Slide Master` मध्ये जाऊन `Line Spacing` ला `Multiple` 1.1 करा, एकदाच, 26 वेळा नाही. शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर तेही काढा, शिरोरेखा तुटते.

राळेगावकर_गडी
हो वाढवलेलंच होतं! मले वाटलं फॉन्ट खराब आहे. पण मजकूर कमी कसा करू, माहिती तर तेवढीच आहे ना.

शिरोरेखा
भाषांतर नका करू, कास्तकार काय विचारेल ते लिहा. शीर्षक: "फवारा कधी मारायचा?" खाली दोनच ओळी: "सापळ्यात लागोपाठ 3 रात्री रोज 8 पाखरं" आणि "20 हिरवी बोंडं फोडा, 2 मध्ये अळी". मध्ये मोठ्या अक्षरात "किंवा". 20 पैकी 2 म्हणजे तेच 10 टक्के, पण टक्के वावरात मोजता येत नाहीत, बोंडं मोजता येतात. "आर्थिक नुकसानीची पातळी" खालच्या नोट्समध्ये टाका, तोंडानं सांगा.

नागपूर_मावशी
"कळीतच खुडा" तर काढाच! इंग्रजीत ती म्हण आहे. इथं बोंडअळीच्या कार्यक्रमात लोक खरंच साऱ्या पात्या खुडतील. तोडायची ती फक्त डोमकळी, गुलाबासारखी मिटलेली. "डोमकळी दिसली की तोडा, अळीसकट नष्ट करा" असं लिहा आणि बाजूला तिचा फोटो मोठा लावा.

अकोला_पंप
पतंग बरोबर शब्द आहे, पुस्तकात पतंगच असते. पाखरं म्हटलं की पक्षी समजतील.

नागपूर_मावशी
आमच्याकडे पतंग म्हणजे संक्रांतीचा. पहिल्या स्लाइडवर सापळ्यातल्या पाखराचा फोटो दाखवून एकदा सांगा, मग कोणताही एकच शब्द शेवटपर्यंत ठेवा. बारावीच्या पोराचा प्रकल्प करून देते मी, त्याच्या पीपीटीतही हेच झालं होतं, मॅडमनं...

वर्धा_टायपिंग
कपाशी लिहा, पऱ्हाटी लिहू नका, अडाणी वाटते.

राळेगावकर_गडी
पऱ्हाटीच ठेवतो भाऊ, घरी दारी तेच म्हणतात. हेक्टरी 5 सापळे लिहिलं होतं, ते "एकरी 2" केलं, हेक्टर कोणी मोजते का इथं.

शिरोरेखा
बरोबर. फवाऱ्याचं प्रमाणही लिटरला आहे का? 15 लिटरच्या पंपाला किती ते लिहा. आणि कार्यक्रमाचा लॅपटॉप दुसरा असेल तर `Embed fonts in the file` चालू करून सेव्ह करा, नाहीतर तुमचा फॉन्ट तिथं नसला की पुन्हा हाच गोंधळ.

राळेगावकर_गडी
केलं. 26 च्या 31 स्लाइड झाल्या, पण मोकळ्या वाटतात. आता अळीच्या जीवनचक्राचं चित्र राहिलं, त्यातले इंग्रजी शब्द चित्रातच छापलेले आहेत, खोडता येत नाहीत. कोणाकडे कोरं चित्र आहे का?

वर्धा_टायपिंग
चित्रात कोणता फाँट आहे?